तीन मुलांचा बाक, तीनचा पाढा

शहरातल्या एखाद्या अनुदानित शाळेचा तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तीन उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत सहा बाक. बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेली आणि सांगाडा फरशीत बोल्टने आवळलेला. प्रत्येक बाकावर तीन मुलं, म्हणजे वर्गात चोपन्न. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी एका शिक्षकामागे तीस मुलं धरलेली आहेत, पण चांगलं नाव असलेल्या शाळेत प्रवेशाला गर्दी होते आणि तो आकडा कागदावर राहतो. दोन रांगांमधल्या बोळातून एका वेळी एकच मूल जाऊ शकतं, तेही दप्तरांचे पट्टे चुकवत.

अशा वर्गाच्या बाई प्रशिक्षणाला जातात, तेव्हा त्यांना खेळातून पाढे शिकवायच्या पद्धती दाखवल्या जातात. गोल करून उभे राहा, जमिनीवर खडूने चौकोन आखा, बोलावलेल्या संख्येच्या चौकोनात उडी मारा. परत आल्यावर त्या वर्गाकडे बघतात आणि फळ्यावर सातचा पाढा लिहून मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतात. यात त्यांचा आळस नाही. ते खेळ बाक सरकवता येणाऱ्या वर्गासाठी रचलेले असतात.

खिळलेल्या बाकांच्या वर्गात वेगळे खेळ लागतात, आणि ते रचताना एक गोष्ट उपयोगी पडते. गुणाकार म्हणजे समान गटांची मोजणी. प्रत्येक गटात तितकेच, गट इतके, तर सगळे मिळून किती? एकसारखे, एका ओळीत, जागचे न हलणारे आणि प्रत्येकात तीन मुलं असलेले अठरा गट या वर्गात आधीच मांडून ठेवलेले आहेत. मैदानावर मुलांचे तिघातिघांचे गट करायला दहा मिनिटं जातात आणि ते लगेच विस्कटतात. इथे ते विस्कटूच शकत नाहीत.

पुढचे तीन खेळ याच एका गोष्टीवर उभे आहेत. मुलाने उभं राहणं, हात वर करणं, टाळी देणं यातली प्रत्येक हालचाल पाढ्यातल्या कशाची तरी खूण असली पाहिजे. पाढे म्हणता म्हणता नुसत्या उड्या मारल्या तर अंग मोकळं होईल, पाढा होता तिथेच राहील.

बाकांची मोजणी

पहिल्या खेळाला कसलंच साहित्य लागत नाही. डावीकडच्या रांगेतला पहिला बाक उभा राहतो आणि तिघं मिळून म्हणतात, "तीन." ते उभेच राहतात. मागचा बाक उठतो, "सहा." त्यामागचा, "नऊ." रांग संपली की मोजणी शेजारच्या रांगेच्या शेवटच्या बाकावर वळते आणि मागून पुढे येते. दहावा बाक उठून "तीस" म्हणाला की पाढा पूर्ण झाला. आता बाई एका बाकाकडे बोट दाखवून विचारतात, "इथपर्यंत किती बाक? किती मुलं?" चौथा बाक असेल तर उत्तर डोळ्यांसमोर उभं आहे: तीन मुलांचे चार बाक, तीन चोक बारा. आपल्या पाढ्यात आधी गटातली संख्या येते आणि मग किती वेळा ते. बाकांची मांडणी नेमकी त्याच क्रमात आहे, म्हणून तोंडातला पाढा आणि डोळ्यांपुढचं चित्र जुळायला वेळ लागत नाही.

या खेळात दहा बाकांवरची तीस मुलं उठतात आणि आठ बाकांवरची चोवीस बसून राहतात. त्यांना काम दिलं नाही तर पाचव्या बाकापर्यंत त्यांची आपापसांत चुळबुळ सुरू होते. त्यांचं काम म्हणजे बाक मोजणं. प्रत्येक बाक उठला की त्यांनी एकेक बोट उघडायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. उठणारे एकूण मुलं सांगतात, बसलेले बाक किती झाले ते बोटांवर धरतात. पुढच्या फेरीत मोजणी उजवीकडच्या रांगेपासून सुरू करायची, म्हणजे भूमिका बदलतात.

मुलं आडव्या ओळीने उठवली तर त्याच वर्गात नऊचा पाढा दिसतो. एका आडव्या ओळीत तीन बाक, नऊ मुलं. ओळी सहाच असल्यामुळे हा पाढा चोपन्नला थांबतो. पुढचा भाग फळ्यावर. एकूण मुलं तीन तीनने मोजा किंवा नऊ नऊने, शेवटी चोपन्नच येतात, हेही मुलांना इथे दिसतं.

बाकीच्या पाढ्यांसाठी बाकावर काय मोजायचं ते बदलायचं. एका बाकावरचे हात मोजले की सहाचा पाढा. प्रत्येक बाकावरून एकाच मुलाने एक पंजा उघडला तर पाचचा, दोन पंजे उघडले तर दहाचा. कडेच्या दोघांनीच उठायचं ठरलं तर दोनचा. तीन मुलं आणि फळीवर ठेवलेली पाण्याची एक बाटली असं धरलं तर चारचा. सहा हात आणि एक बाटली, सातचा. सहा हात आणि दोन बाटल्या, आठचा.

सातचा पाढा मुलांना सगळ्यात जड जातो, म्हणून तिथे जरा थांबू. सहाचा पाढा आला असेल तर सातचा शून्यापासून शिकायची गरज नाही, हे बाटली दाखवते. आठ बाकांवर सहा सहा हात म्हणजे अठ्ठेचाळीस. प्रत्येक बाकावर एक बाटली म्हणजे आठ बाटल्या. अठ्ठेचाळीस आणि आठ, छप्पन्न. सात आठे छप्पन्न. पुढे कधी मूल "सात आठे" विसरलं, तर त्याच्याकडे परत जायला वाट आहे: सहा आठे आणि वर आठ. नुसत्या घोकंपट्टीत ही वाट नसते. तिथे विसरलं की सात एकेपासून सुरुवात.

या खेळात बिघडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं उभं राहण्यात. जोडलेल्या बाकात दोन फळ्यांमधलं अंतर थोडं असतं. कडेचं मूल बोळात एक पाय टाकून सरळ उभं राहू शकतं, पण मधल्याला गुडघे वाकवूनच राहावं लागतं. भिंतीला लागून बसलेल्याचीही तीच गत. म्हणून उभं राहण्याचा खेळ एका दमात दोन फेऱ्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतर हातांवर यावं. ज्या मुलाला उठणं जड जातं त्याच्या वर्गात सुरुवातीपासून सगळ्यांसाठीच हात वर करण्याचा नियम ठेवावा. एकट्या त्याच्यासाठी सूट ठेवली की तो वेगळा पडतो.

दुसरं, गैरहजेरी. चोपन्नपैकी चारपाच मुलं रोज नसतात आणि पाचव्या बाकावर दोघंच असतात. मुलं न थांबता "पंधरा" म्हणून मोकळी होतात. बाईंनी तिथे थांबवून खरी मुलं मोजायला लावावीत. चौदा भरतात. मग रिकाम्या जागी दप्तर उभं करायचं का, हे मुलांनाच विचारावं. गट समान नसतील तर पाढा लागू पडत नाही, ही गोष्ट कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या रिकाम्या जागेवरून चांगली कळते.

मुकी टाळी

दुसरा खेळ बसूनच होतो आणि तो ठेक्याचा आहे. चारचा पाढा घेऊ. दोन्ही हात मांडीवर, मांडीवर, मांडीवर, मग टाळी. मांडीवर हात पडताना आकडे हळू आवाजात, टाळीवर मोठ्याने: एक, दोन, तीन, चार. पाच, सहा, सात, आठ. चाळीसपर्यंत असंच. दुसऱ्या पायरीला मांडीवरचे आकडे मनात, फक्त टाळीवरचा आकडा तोंडाने. तिसऱ्या पायरीला टाळीवरही आकडा नाही, पण बाई अचानक हात वर करतात आणि सगळं थांबतं. "किती झाले?" चौथ्या पायरीला चाळीसपासून उलटं खाली यायचं.

चोपन्न मुलांच्या टाळीने शेजारचा वर्ग उठून येईल, म्हणून टाळी दोन बोटांची. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर. आवाज वर्गातल्या वर्गात राहतो आणि ठेका नीट ऐकू येतो. बाकाच्या फळीवर हात आपटायची मुभा सुरुवातीपासूनच देऊ नये. लोखंडी सांगाड्याच्या खडखडाटात आकडे ऐकूच येत नाहीत.

ठेक्याच्या खेळात एक छुपा धोका आहे. घोळक्याचा ठेका आपोआप जलद होत जातो. सोळापर्यंत सगळे बरोबर असतात, मग पहिल्या बाकावरची पाचसहा चपळ मुलं पळू लागतात आणि बाकीचे नुसते हात हलवत, ओठ हलवत मागून येतात. लांबून बघणाऱ्याला वर्ग रंगात आलेला दिसतो. प्रत्यक्षात अर्ध्या वर्गाच्या डोक्यात आकडा नसतो. म्हणून ठेका बाईंच्या हातात हवा: डस्टरने टेबलावर, एका श्वासात दोन ठोके पडतील इतका संथ. आणि मध्येच थांबवणं हा खेळाचा शेवट नसून गाभा आहे. थांबल्यावर दोन प्रश्न विचारायचे. एकूण किती झाले आणि टाळ्या किती झाल्या? "चोवीस" सांगणारी मुलं पुष्कळ निघतात. "सहा टाळ्या" सांगणारी सुरुवातीला मोजकीच. पाढा म्हणजे या दोन आकड्यांची जोडी. एकच आकडा धरून ठेवणाऱ्याला चार चार करत पुढे जाता येतं, पण चार सक किती ते विचारलं की पुन्हा चारपासून निघावं लागतं.

टाळ्यांची मोजणी धरायला एका बाकावरच्या तिघांत कामं वाटून द्यावीत. कडेची दोघं ठेका धरतात, मधला प्रत्येक टाळीला एक बोट उघडतो. थांबलं की मधल्याने टाळ्या सांगायच्या, कडेच्यांनी एकूण. एका फेरीनंतर कामं फिरवायची. बाकाच्या मधल्या जागेवरच्या मुलाला हलायला सगळ्यांत कमी वाव असतो. या खेळात नेमकं त्याच्यावाचून अडतं.

बेचाळीस पत्ते

एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर उत्तरं. पण शंभर वेगळ्या संख्या त्यात नाहीत. तीन आठे चोवीस, आठ त्रिक चोवीस, चार सक चोवीस, सहा चोक चोवीस. चोवीस एकच. अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या संख्या एकदाच धरल्या तर दहा पाढ्यांत मिळून फक्त बेचाळीस वेगळ्या संख्या उरतात. कागदपेन्सिल घेऊन कुणीही मोजून बघावं. चोपन्नच्या वर्गात बेचाळीस मुलांना एकेक संख्या दिली की सगळे पाढे वर्गात बसले.

उरलेल्या बारा मुलांचं काय? बेचाळीसपैकी नऊ संख्या चार चार वेळा येतात: ६, ८, १०, १२, १८, २०, २४, ३० आणि ४०. त्यांचा एकेक जादा पत्ता करायचा. चार संख्या तीन वेळा येतात: ४, ९, १६, ३६. यातला चार सोपा म्हणून सोडून बाकी तिन्हींचाही जादा पत्ता. बेचाळीस, नऊ आणि तीन मिळून चोपन्न. पट वेगळा असेल तर जादा पत्ते कमीजास्त करावेत. बेचाळीसपेक्षा कमी मुलं असली तर काहींना दोन पत्ते द्यावेत.

पत्ते जुन्या लग्नपत्रिकांचे, कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेनने संख्या लिहून. वरच्या दोन कोपऱ्यांना भोक पाडून सुतळी ओवली की गळ्यात अडकवता येतो आणि हात मोकळे राहतात. पत्रिका घराघरांतून मुलं आणतात. खर्च सुतळीच्या एका गुंड्याचा आणि एका स्केचपेनचा. संख्या वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येईल एवढी मोठी हवी, हाताच्या पंजाएवढी.

खेळ असा. बाई म्हणतात, "सहा आठे." अठ्ठेचाळीसवालं मूल उठतं आणि अख्खं वाक्य म्हणतं, "सहा आठे अठ्ठेचाळीस." वर्ग एकदा मागून म्हणतो. पुढचा. "पाच चोक" म्हटलं की वीसचे दोन पत्ते उठतात, वर्गाच्या दोन टोकांना, आणि एकमेकांकडे बघून खात्री करतात. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असताना कोण म्हणतंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय ते कळायला मार्ग नसतो. इथे प्रत्येक संख्येला मालक आहे. शांतता पडली की कुठली जोडी अडली ते बाईंना तिथल्या तिथे समजतं.

खेळाचा अवघड भागही इथेच. बेचाळीसवालं मूल "सात सक"ला उठलं नाही आणि सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघतोय, हा क्षण लहान मुलाला नको असतो. त्यावर उपाय म्हणून पत्ता बाकाचा मानावा, मुलाचा नव्हे. शेजारच्या दोघांनी कोपराने ढोसायला परवानगी. तिघांना मिळून तीन संख्या सांभाळायच्या असतात, त्यामुळे प्रत्येक जण तिन्ही ऐकतो. शिवाय एक आठवडा तोच पत्ता ठेवावा. आठवडाभर छत्तीस गळ्यात घालून फिरणाऱ्या मुलाला चार नवे, सहा सक, नऊ चोक या तिन्ही हाका ओळखीच्या होतात. पुढच्या आठवड्यात पत्ता मागच्या बाकावर सरकतो, शेवटच्या बाकाचे पत्ते पहिल्यावर येतात.

एक अडचण पहिल्याच दिवशी येते. १, २५, ४९, ६४, ८१ आणि १०० या संख्या दहा पाढ्यांत एकेकदाच येतात. त्यांचे मालक वाट बघत बसतात आणि कंटाळतात. बाईंनी हाका मनाला येतील तशा न देता आधी कागदावर वीस लिहून घ्याव्यात आणि त्यात यातल्या निदान दोन असाव्यात. उलट हाकही द्यावी. बाई "चोवीस" म्हणतात, दोन्ही चोवीस उठतात आणि बाकीच्या बाकांनी ते कसे होतात ते सांगायचं. एका बाकाला तीन आठे सुचतं, दुसऱ्याला चार सक. बाकीच्या दोन हाका याच दोन जोड्यांच्या उलट आहेत हे मुलांच्या लक्षात आलं की पाठ करायचा बोजा जवळपास निम्म्यावर येतो.

सातच्या पाढ्याचा एक आठवडा

तीनही खेळ एका आठवड्यात कसे बसतात ते सातच्या पाढ्यावर बघू. गणिताच्या तासातली पहिली सातआठ मिनिटं खेळाची, त्यापेक्षा जास्त नाही. दहा मिनिटांपुढे गेलं की मुलांना खेळ उरतो आणि पाढा मागे पडतो.

सोमवारी आणि मंगळवारी हात आणि बाटली. सोमवारी आधी सहाचा पाढा हातांनी, मग बाटल्या उभ्या करून सातचा. फळ्यावर बाई दोन स्तंभ लिहितात, डावीकडे हात, उजवीकडे हात अधिक बाटल्या: ६ आणि ७, १२ आणि १४, १८ आणि २१. मंगळवारी डावा स्तंभ पुसून टाकतात. कुठला बाक आकडा सांगायच्या आधी अडतो याकडे लक्ष ठेवायचं. बहुधा चौथ्यापाशी, एकवीसवरून अठ्ठावीसवर जाताना, आणि सातव्यापाशी, बेचाळीसवरून एकोणपन्नासवर जाताना. अडलेला बाक बोटांवर एकेक मोजू लागला तर मोजू द्यावं. बुधवारपर्यंतही तो तसाच मोजत असेल तर अडचण सातच्या पाढ्यात नाही, दोन अंकी बेरजेत आहे. तिथे खेळ पुढे रेटून उपयोग नाही. त्या मुलांना अठ्ठावीस आणि सात, बेचाळीस आणि सात अशा बेरजा वेगळ्या द्याव्या लागतात.

बुधवारी आणि गुरुवारी मुकी टाळी. सहा वेळा मांडी, सातव्याला टाळी. सातचा ठेका मुद्दाम अवघड आहे, चारसारखा तो अंगात सहज बसत नाही. म्हणून तो तीन आणि चार असा फोडावा: मांडीवर तीन, बाकाच्या कडेवर बोटांनी तीन, मग टाळी. गुरुवारी थांबवण्याची पायरी.

शुक्रवारी पत्ते, पण सगळे नाहीत. सातच्या पाढ्यातल्या दहा संख्या आणि त्यांच्या शेजारच्या, गोंधळात पाडणाऱ्या काही: ४८, ५४, ३६, ६४, २७. सात आठेला चोपन्नवालं मूल अर्धं उठून बसतं, सात नवेला चौसष्टवालं. बाईंनी अशी अर्धवट उठलेली मुलं टिपून ठेवावीत. चूक कुठे होते ते यादीसारखं हाती येतं.

शनिवारी खेळ नाही. पाटी किंवा वहीच्या मागचं पान. बाई सातच्या पाढ्यातल्या दहा जोड्या उलटसुलट क्रमाने सांगतात, प्रत्येकीला तीन ठोक्यांएवढा वेळ. मूल क्रमाने म्हणत जाऊन उत्तराला पोचू शकणार नाही इतका हा वेळ कमी आहे. ही चाचणी क्रमाने पाढा लिहायला लावून घेतली तर सगळ्यांना दहापैकी दहा मिळतात आणि काहीच कळत नाही. दहापैकी आठ ज्यांना आले त्यांचा पाढा झाला. बाकीच्यांच्या कुठल्या जोड्या गेल्या ते बघून पुढच्या आठवड्याच्या वीस हाकांमध्ये त्या घालायच्या.

हालचालीने नेमकं काय होतं?

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी याच प्रश्नावर दीर्घ पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आले. बारा प्राथमिक शाळांतली ४९९ मुलं, दोन शालेय वर्षं. अर्ध्या वर्गांत गणित आणि भाषेचे काही धडे आठवड्यातून तीनदा हालचालींसह घेतले गेले. मुलं आपल्या जागेशीच उभी राहून जागच्या जागी पावलं टाकत, उड्या मारत आणि त्या त्या हालचालीतून उत्तर देत. दोन वर्षांनी या मुलांची गणितातली गती आणि एकूण गणित नेहमीच्या वर्गांपेक्षा पुढे होतं, शुद्धलेखनही. वाचनात मात्र फरक दिसला नाही.

हा निकाल वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्या धड्यांत मुलांनी तीच तीच उदाहरणं फार मोठ्या संख्येने सोडवली. फायद्यातला किती वाटा हालचालीचा आणि किती सरावाचा, हे त्यातून सुटं करता येत नाही. पाढ्यांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं. चोपन्न मुलांच्या वर्गात एका मुलाला बोलायची संधी दिवसात जेमतेम एकदा येते. बाकांच्या मोजणीत किंवा मुक्या टाळीत त्याच सात मिनिटांत ते मूल चाळीसपन्नास वेळा काहीतरी करतं. या खेळांची मुख्य कमाई बहुधा हीच आहे.

त्याच वर्षी कोपनहेगनच्या संशोधकांनी सातएक वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध झाला. गणितात सर्वसाधारण असलेल्या मुलांना अख्ख्या शरीराच्या हालचालींचा फायदा झाला, पण गणितात आधीच मागे असलेल्यांना तो तसा मिळाला नाही. एकीकडे शरीर सांभाळायचं, दुसरीकडे संख्या, ही कसरत त्यांना जड जात असावी. आपल्या वर्गात याचा अर्थ सरळ आहे. मागे असलेल्या मुलांना ठेका जमत नसेल तर ठेका काढून घ्यावा आणि त्यांना बाकांची मोजणी संथपणे, स्वतःच्या हातांनी मोजत करू द्यावी. त्यांना खेळात मागे राहण्याची लाज वाटू लागली तर खेळही घोकंपट्टीइतकाच नकोसा होतो.

पाठांतर सोडायचं नाही

असे खेळ सुरू केले की काही शाळांत पाढे म्हणणंच बंद होतं. ते चुकीचं आहे. बे एके बे, बे दुणे चार यातला ठेका आणि यमक हे पाढा आयुष्यभर टिकवायचं साधन आहे. आजीआजोबांच्या पिढीला संध्याकाळच्या परवच्यात पावकी, निमकी, पाऊणकी पाठ झाली ती याच जोरावर. खेळ त्याच्या आधी येतात आणि त्याच्या बाजूने चालतात. आधी बाकांवर तीन चोक बारा डोळ्यांनी बघायचं, मग म्हणायचं, मग मध्येच कुठूनही विचारलं तर सांगायचं. म्हणणं मधल्या पायरीवर आहे. पहिली आणि तिसरी पायरी नुसत्या म्हणण्याने येत नाही, त्यासाठी हे खेळ.

खेळांची मर्यादाही तिथेच आहे. दहाच्या पुढच्या पाढ्यांना पत्ते पुरत नाहीत आणि बाकांवर तेरा काय मोजायचं हा प्रश्न पडतो. बारा ते एकोणीसच्या पाढ्यांत दहा आणि उरलेले अशी फोड करायला शिकवणं जास्त उपयोगाचं. तेरा साते म्हणजे दहा साते सत्तर आणि तीन साते एकवीस, एक्क्याण्णव. सातच्या वेळी बाटलीने जे शिकवलं तेच इथे बाटलीवाचून.

आणि दहाच्या आतल्या पाढ्यांचे खेळही कायम चालवायचे नसतात. खेळ कधी थांबवायचा त्याची खूण मुलंच देतात. पत्त्याच्या हाकेला मूल उठायच्या आतच उत्तर बोलून टाकतं, मुक्या टाळीला थांबवलं की एकूण आणि टाळ्या दोन्ही एका दमात सांगतं, बाटली न ठेवताच सात आठे छप्पन्न म्हणतं. त्या दिवसापासून उभं राहण्यात जाणारा वेळ वाया जातो. मग त्या पाढ्याचे पत्ते बांधून कपाटात ठेवावेत, पंधरा दिवसांनी एकदा शनिवारच्या दहा जोड्या विचाराव्यात, आणि त्या सात मिनिटांत भागाकाराची सुरुवात करावी: छप्पन्न मुलं, एका बाकावर सात, तर बाक किती लागतील?